आईच्या तोंडाचे कोपरे बरे होत नाहीत, चार महिने बी-कॉम्प्लेक्स चालू आहे

अमळनेरची_लेक
आई 66 वर्षांची आहे, अमळनेरजवळच्या गावी असते. मी पुण्यात. आखाजीला माहेरी गेले तेव्हा पाहिलं, तोंडाचे दोन्ही कोपरे फाटलेले, ओले, पांढुरके. भाकरीचा घास घ्यायला तोंड उघडलं की चीर पुन्हा उलते आणि रक्त येतं. ठेचा तर बंदच, वरणभातावर आलीय. हे दिवाळीनंतर सुरू झालं. गावातल्या डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल दिल्या, त्या चार महिने रोज चालू आहेत. मध्ये एक मलम आणलं होतं, त्याने तीन दिवसांत एकदम छान झालं. मलम थांबवलं आणि आठ दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त. आईचं म्हणणं, "उष्णता आहे, जाईल." साखरेच्या गोळ्या आठ वर्षांपासून चालू आहेत. आणखी कोणतं व्हिटॅमिन द्यावं?

भरीत_आणि_कळणा
जाईचा पाला चावून थुंकायला सांगा. माझं तोंड दर उन्हाळ्यात येतं, दोन दिवसांत बरं होतं. शेवभाजी आणि बाहेरचं तेलकट बंद. सब्जा पाण्यात घालून प्यायचा.

अमळनेरची_लेक
दादा, तोंड आलेलं नाही, आत फोड नाहीत. ओठांच्या बाहेर, जिथे वरचा आणि खालचा ओठ मिळतो तिथली कातडी फाटलीय.

भरीत_आणि_कळणा
अस्सं. मग ते जिभेने चाटल्यामुळे असेल. पण जाईचा पाला वाया जात नाही.

केळीचा_घड (रावेर)
माझ्या मुलाला हेच आहे, सहा वर्षांचा आहे. झोपेत उशी ओली करतो, दिवसभर ओठ चाटतो. तोंडाभोवती लाल कडं उठलंय, जोकरसारखं. शाळेत आठवड्याला गुलाबी गोळी मिळते, तरी होतं. ताईंसाठी जे सांगाल ते मुलालाही चालेल का?

खान्देशी_भो
मनी आजीले बी आसंच व्हये. ती रातले साजूक तूप लावे. तूप लावा ना बिनधास्त.

जीवनसत्त्व_काका
तूप वरवरचं आहे. बी-2 म्हणजे रायबोफ्लेविन कमी झालं की कोपरे फाटतात, हे सिद्ध झालेलं आहे. 1930 च्या दशकात कुन्नूरच्या आहार प्रयोगशाळेत अॅक्रॉइड यांनी भातावर जगणाऱ्या मुलांत हे पाहिलं. पुढे 1938 मध्ये अमेरिकेत बायकांना मुद्दाम बी-2 नसलेलं जेवण दिलं, कोपरे फाटले, आणि रायबोफ्लेविन दिल्यावर भरून आले. त्यामुळे कॅप्सूल थांबवू नका. डोस दुप्पट करा. दूध, ताक, अंडी, पालेभाजी वाढवा. दूध उन्हात उघडं ठेवू नका, उजेडाने बी-2 नष्ट होतं.

कवळीवाली (दातांची डॉक्टर, धुळे)
काका, इतिहास बरोबर सांगितलात, पण दुप्पट डोसचं नको. बाईंना रोज अंदाजे दीड-दोन मिलिग्रॅम बी-2 लागतं आणि एका कॅप्सूलमध्ये त्याच्या कितीतरी पट असतं. चार महिने घेतल्यावर तुटवडा उरलेला असण्याची शक्यता फार कमी. ताई, आईंना विचारा, कॅप्सूल सुरू केल्यापासून लघवी पिवळी धमक होते का? होत असेल तर शरीर जास्तीचं बी-2 बाहेर टाकतंय. उणीव होती म्हणून दिली, भरली, तरी कोपरे तसेच राहिले. म्हणजे कारण दुसरीकडे शोधायचं.

मला तीन गोष्टी सांगा. आईंना कवळी आहे का, आणि किती जुनी? रात्री काढून ठेवतात का? आणि त्या मलमाचं नाव नको, पण त्यात काय काय लिहिलंय ते वाचा.

अमळनेरची_लेक
कवळी आहे, वर-खाली दोन्ही. बारा वर्षांची. रात्रीसुद्धा काढत नाही, म्हणते, "ती काढली की तोंड पोकळ पडतं, शेजारीण हसते." गालफडं बसल्यासारखी दिसतात, हनुवटी नाकाकडे आलीय. लघवीचं विचारलं, हसली आणि हो म्हणाली. मलमावर क्लोबेटासोल, मायकोनाझोल, निओमायसिन लिहिलंय.

मेडिकल_दुकान (शहादा)
हे मलम आमच्याकडे रोज जातं. खाज आली, गजकर्ण झालं, तोंड फाटलं, की पिवळ्या बॉक्समधलं द्या म्हणतात, आणि खरं सांगतो, आम्हीच देतो. क्लोबेटासोल खूप कडक स्टेरॉइड आहे. सूज-लाली एका दिवसात दबते म्हणून वाटतं की औषध लागू पडलं. तोंडावरच्या पातळ कातडीवर ते लावत राहिलं की कातडी आणखी पातळ होते, आणि दाबलेली बुरशी थांबवल्यावर मोकळी सुटते. तीन दिवसांत बरं आणि आठ दिवसांत दुप्पट, हा त्याचा ठरलेला नमुना. निदान तोंडासाठी तरी ते नको.

कवळीवाली
दादा, प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं वाटलं.

ताई, आता चित्र बरंच जुळतंय. मी फोनवरून निदान करत नाही, पण काय पाहायचं ते सांगते.

कवळीचे दात अॅक्रिलिकचे असतात, चावून चावून झिजतात. दात काढल्यावर हिरडीखालचं हाडही वर्षागणिक खाली बसतं. म्हणून पाच-सात वर्षांनी कवळी तपासावी लागते, बारा वर्षं तर खूप झाली. आता तोंड मिटताना खालचा जबडा जरा जास्तच वर येतो. नाक आणि हनुवटीतलं अंतर कमी होतं, आणि जास्तीची कातडी कुठे जाईल? तोंडाच्या कोपऱ्यातून खाली दुमडते. त्या दुमडीत लाळ साचते. लाळ स्वतः विषारी नाही, पण कातडी चोवीस तास ओली राहिली की कपडे धुणाऱ्या बाईच्या बोटांच्या बेचक्यासारखी पांढरी फुगते आणि चिरते. त्या चिरेत कॅन्डिडा नावाची बुरशी शिरते. ती तोंडात एरवीही असते, पण साखर वाढलेली, कवळी रात्रभर तोंडात, खाली अंधार आणि ओल, मग तिला घरच मिळतं. जोडीला स्टॅफिलोकोकस हा जिवाणूही बऱ्याचदा असतो. मधासारखी पिवळसर खपली धरली तर त्याचा संशय जास्त.

एक साधी परीक्षा. आईंचा कोपरा स्वच्छ कापसाने टिपून कोरडा करा, कवळी घालून तोंड नेहमीसारखं मिटायला सांगा, आणि दहा मिनिटांनी पाहा. पुन्हा ओला झाला तर कोणत्याही कॅप्सूलने तो कोरडा होणार नाही. मग वरची कवळी काढून टाळू पाहा. कवळीच्या आकाराचा लाल ठसा दिसला तर बुरशीचं घरटं तिथे आहे. तो ठसा दुखत नाही, म्हणून कोणी सांगत नाही.

अमळनेरची_लेक
भावाला पाठवलं. दहा मिनिटांत नव्हे, चार मिनिटांत ओलं झालं. टाळू लालभडक आहे, अगदी कवळीच्या कडेपर्यंत. आई म्हणते, "मला तर काहीच होत नाही तिथे." आता मलम कोणतं?

कवळीवाली
जवळच्या डॉक्टरांना तोंड आणि टाळू दोन्ही दाखवून घ्या. बहुधा ते कोपऱ्याला क्लोट्रिमॅझोल 1 टक्का किंवा मायकोनाझोल 2 टक्के क्रीम देतील, दिवसातून दोन-तीन वेळा, आणि टाळूसाठी बुरशीचं माउथ पेंट. मायकोनाझोलचा फायदा हा की ते काही जिवाणूंवरही चालतं. पण आई रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी घेत असतील तर मायकोनाझोल नको, तोंडातल्या जेलनेसुद्धा वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होतो. बरं दिसलं तरी औषध आणखी आठ-दहा दिवस चालू ठेवायचं. नाहीतर आत उरलेली बुरशी पुन्हा येते.

मात्र कवळी तशीच राहिली तर क्रीम म्हणजे गळक्या छताखाली बादली. रात्री कवळी काढायची, हे न पटणारं आहे पण त्याला पर्याय नाही. मऊ ब्रश आणि साधा साबण लावून घासायची, टूथपेस्ट नको, ती घासून ओरखडे पाडते आणि बुरशी ओरखड्यात बसते. क्लोरहेक्झिडीनच्या 0.2 टक्के द्रावणात पंधरा मिनिटं बुडवायची, दिवसातून दोन वेळा, आठवडाभर. त्यानंतर स्वच्छ पाण्यात. कोणी निस्टॅटिनचं औषध लिहून दिलं असेल तर क्लोरहेक्झिडीन त्याच वेळी नको, ती दोन्ही एकमेकांना निकामी करतात. धातूचा भाग असलेली कवळी ब्लीचमध्ये टाकू नका.

शेवटी झोपण्याआधी कोपरा कोरडा टिपून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर.

खान्देशी_भो
मग तूप का नाही? जेली काय, तूप काय, चिकटच ना.

कवळीवाली
भाऊ, कोरड्या फाटलेल्या ओठाला तूप उत्तम, आजी बरोबर होती. पण बुरशी असलेल्या ओल्या दुमडीत खाण्याचं काही ठेवलं की तिलाच खाऊ मिळतो, दुधाची साय तर अजिबात नको. जेलीचा उपयोग एवढाच, लाळ कातडीला लागू नये.

केळीचा_घड
डॉक्टर, माझ्या मुलाला तर कवळी नाही.

कवळीवाली
नाही ना! म्हणून ताईंचं उत्तर तसंच्या तसं लावू नका. त्याच्याकडे लाळ आणि चाटणं, दोन्ही आहेत. लाळेने कातडी सुकते, सुकली की तो चाटतो, चाटली की आणखी सुकते. पर्लेश हे या आजाराचं फ्रेंच नाव चाटण्यावरूनच पडलंय. त्याच्यासाठी दिवसातून पाच-सहा वेळा जेली, आणि विशेष म्हणजे तो तोंडाने श्वास घेतो का ते पाहा. रात्री तोंड उघडं, घोरणं, सदा वाहणारं नाक असेल तर नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, लाळ तिथून येत असेल. शाळेतली गोळी लोहाची आहे, ती उणीव भरते, चाटण्याची सवय मोडत नाही. गोळीसोबत जंताचं औषध वेळेवर घेतोय ना, तेवढं विचारा.

केळीचा_घड
घोरतो तर बापासारखा. उद्याच जातो.

सातपुडा_शाळा (धडगाव, शिक्षिका)
मी एक वेगळं विचारते. आमच्या आश्रमशाळेत दहा मुलींपैकी तिघी-चौघींचे कोपरे फाटलेले असतात, कोणालाही कवळी नाही. तिथे तर बी-2 आणि लोहच असणार ना?

जीवनसत्त्व_काका
हेच मी म्हणत होतो.

कवळीवाली
काका, त्या मुलींच्या बाबतीत तुम्ही बरोबर. एकाच ताटात जेवणाऱ्या बऱ्याच मुलांना एकदम होतं, तेव्हा आधी आहाराकडेच बघायचं. दूध-अंडं-डाळ किती मिळतं ते पाहा. पण तुमच्या भागात भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल आहे. रक्त कमी म्हणजे लोह कमी, असं गृहीत धरू नका, आधी रक्त तपासून घ्या. त्याचं उत्तर मी दातांची डॉक्टर देऊ नये.

सातपुडा_शाळा
तपासणीचं शिबिर मागवतेय. पत्र पाठवून महिना झाला.

मेडिकल_दुकान
अमळनेरच्या ताई, आईच्या रक्ताचं काय? कवळी जुनी आहे हे खरं, पण बारा वर्षांत आत्ताच का फाटलं? माझं गणित, काहीतरी नवीन घडलंय.

कवळीवाली
हा प्रश्न मी विचारायला हवा होता. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12 आणि तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए1सी. साखरेची मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-12 कमी होऊ शकतं. जीभ गुळगुळीत दिसतेय का तेही पाहा.

*(अकरा दिवसांनी)*

अमळनेरची_लेक
सविस्तर लिहिते. हिमोग्लोबिन 9.2, फेरिटिन 8, एचबीए1सी 8.9. बी-12 काठावर आहे. जीभ मधोमध सपाट झालीय, आरशासारखी. क्रीम आणि माउथ पेंट आठ दिवस झाले, कडक मलम फेकलं. कोपरे सुकायला लागलेत, डावा जवळजवळ मिटला, उजवा अजून ओला. कवळी काढायला तयार नव्हती. भावाने रात्री नऊनंतर दार लावून घ्यायचं ठरवलं, शेजारीण येणार नाही, मग तयार झाली.

जीवनसत्त्व_काका
फेरिटिन 8! लोहच निघालं, बघा. मग बुरशी हे बहाणं.

कवळीवाली
काका, दोन्ही एकत्र आहेत, भांडायला नको. लोह कमी पडलं की तोंडाच्या आतली पातळ कातडी नीट नवी होत नाही, जीभ सपाट होते, आणि बुरशीला रोखणारी ताकद कमी पडते. साखरेने बुरशीला खाऊ मिळतो. कवळीमुळे दुमड आणि ओल. आईंच्या बाबतीत तिन्ही एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत. क्रीमने कोपरे मिटतील, पण लोह भरेपर्यंत ते पुन्हा उकलण्याची भीती राहते. म्हणूनच गोळ्या दोन महिन्यांत बंद करू नका, हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही डॉक्टर काही महिने चालू ठेवायला सांगतात, साठा भरायला वेळ लागतो. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि जेवण झाल्या झाल्या चहा नको, चहा लोह शोषू देत नाही. आपल्याकडे जेवणावर कपभर चहा ही रीतच आहे, मला माहितीय. निदान तासाभराचं अंतर.

आता एक विचारू, वाईट वाटून घेऊ नका. पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेल्या बाईचं लोह का संपलं? जेवण कमी म्हणून असू शकतं, पण तसं गृहीत धरायचं नाही. रक्त कुठून तरी झिरपतंय का हे बघावं लागतं. गुडघ्याच्या गोळ्या घेतात का?

अमळनेरची_लेक
हो. दोन वर्षांपासून. आठवडाबाजारातून येताना मेडिकलवाल्याकडून पट्टी आणते, दुखलं की एक, नाही दुखलं तरी "उद्या दुखेल" म्हणून एक.

मेडिकल_दुकान
डायक्लोफिनॅक किंवा तसलंच असणार. जठराच्या आतल्या अस्तराला रोज थोडा थोडा धक्का. रक्त डोळ्यांना दिसत नाही, पण वर्ष-दोन वर्षांत साठा संपतो. काळी, डांबरासारखी शौच झाली होती का विचारा, लोहाची गोळी सुरू व्हायच्या आधी. गोळी सुरू झाल्यावर रंग काळाच होतो, मग काही कळत नाही.

अमळनेरची_लेक
विचारलं. दिवाळीच्या आसपास दोनदा झाली होती म्हणे. "तीळ खाल्ले होते" असं ती समजली होती. मी एवढा वेळ व्हिटॅमिनच शोधत होते.

खान्देशी_भो
ताई, घाबरू नका. जळगावले लई चांगले डॉक्टर शेत. लगेच दाखाडा.

कवळीवाली
घाबरायचं नाही, पण वाटही पाहायची नाही. आधी गुडघ्याची गोळी थांबवायची आणि फिजिशियनला हे सगळं जसंच्या तसं सांगायचं. ते शौचाची तपासणी आणि बहुधा दुर्बिणीतून जठर पाहायला सांगतील. तुम्ही ज्या तोंडाच्या कोपऱ्यासाठी धागा काढलात तोच कोपरा पोटाकडे बोट दाखवतोय. नवी कवळी करूच, पण ती आता दुसऱ्या क्रमांकावर. आणि टाळू निरोगी झाल्याशिवाय माप घेऊ नका, सुजलेल्या हिरडीवर घेतलेलं माप सूज उतरल्यावर बसत नाही. कवळीची उंची वाढवतानाही एकदम वाढवायची नाही, नाहीतर चावताना जबडा दुखतो, आणि आई म्हणतील जुनीच बरी होती.

भरीत_आणि_कळणा
एक शंका. एकाच बाजूला चीर असेल तर? माझ्या मेव्हण्याचा डावाच कोपरा सहा महिन्यांपासून फाटलेला आहे. गुटखा खातो. तोंडही पूर्वीसारखं उघडत नाही.

कवळीवाली
तर तुम्ही त्याला आज पाठवा. दोन बोटं उभी आत जातात का, तेवढं आधी पाहा. गुटख्याने गालाची आतली कातडी दोरीसारखी ताठ होते आणि तोंड उघडताना कोपऱ्यावर ताण येतो. एकाच बाजूची, सहा महिने न भरणारी, कडक लागणारी जखम क्रीम लावून पाहात बसायची नसते. तुकडा काढून तपासावा लागतो.

भरीत_आणि_कळणा
दोन बोटं जात नाहीत. दीड.

कवळीवाली
उद्या सकाळी धुळ्याला घेऊन या, नाहीतर जवळच्या दंत महाविद्यालयात. थांबू नका.

*(पाच आठवड्यांनी)*

अमळनेरची_लेक
दुर्बीण झाली. जठरात छोटा व्रण आहे, भरतोय. त्याच्या गोळ्या आणि लोह चालू आहे, हिमोग्लोबिन 10.6. दोन्ही कोपरे बंद आहेत, फक्त गेल्या आठवड्यात लग्नात दोन दिवस कवळी काढली नाही तर उजवा पुन्हा पांढुरका झाला होता. क्रीम सुरू केल्यावर तीन दिवसांत गेला. साखर अजून 8 च्या वर आहे, त्यावर डॉक्टर रागावले. भाऊ सांगत होता, काल तिने कळण्याची भाकर आणि ठेचा मागून घेतला. दुर्बिणीवाले ठेच्याला नाही म्हणाले होते, ते ती ऐकत नाही.

जीवनसत्त्व_काका
कॅप्सूल तरी चालू ठेवलीय ना?

अमळनेरची_लेक
बंद केली काका. लघवीचा रंग बदलल्यावर ती म्हणाली, "आता पैसे वाया जात नाहीत."

केळीचा_घड
मुलाच्या नाकात अडेनॉइड वाढलंय म्हणाले. ऑपरेशन करायचं की सहा महिने वाट पाहायची, दोन डॉक्टरांची दोन मतं आहेत. कोणाच्या मुलाचं झालंय का?